सुपडूशेठ किती नफा घेतात?

पिंपळनेरच्या बाजारपेठेत सुपडूशेठ अमृतकरांनी छत्तीस वर्षांत एकदाही नफा घेतला नव्हता. हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं असल्यामुळे त्याला दुसऱ्या पुराव्याची गरज कधी पडली नाही. गिऱ्हाइकाने साडीच्या पदराला हात लावला की शेठ डोळे मिटायचे, छातीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "घरात पडली त्या भावात देतोय. तुमच्याकडून काय कमवायचं?" अशा सततच्या तोट्यातून त्यांनी दुमजली घर बांधलं, दोन मुलींची लग्नं केली आणि हेमलताबाईंना चारधाम दाखवून आणलं. गावाने कधी हिशोब विचारला नाही. गावाला कौतुक होतं.

फेब्रुवारीत एका मंगळवारी दुपारी, शेठ जेवायला घरी गेलेले असताना दुकानातल्या मीटरने पेट घेतला. साक्रीहून बंब येईपर्यंत हेमलता वस्त्र भांडाराचं छप्पर खाली आलं होतं. माणूस, जनावर कुणालाही धक्का लागला नाही. पैठण्या, शालू, नऊवारी, शर्टिंग, सुटिंग आणि मागच्या मोरीजवळ टांगलेला शेठचा जुना रेनकोट एवढं मात्र गेलं. उधारीची वही आणि मालाचं रजिस्टरही गेलं. पण सगळी खरेदी-विक्री दर महिन्याला धुळ्याला कुंदनच्या कॉम्प्युटरवर चढत होती. हा कुंदन शेठचा कर सल्लागार. त्याच्या ऑफिसात एसी होता आणि आग नव्हती, त्यामुळे हिशोब शाबूत राहिला.

दुकानाचा विमा पस्तीस लाखांचा होता. प्रश्न एवढाच की जळाला किती माल? राख मोजून साड्या सांगता येत नाहीत. आणि शेठना घाई होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन महिन्यांवर आली होती. आखाजीला माहेरवाशिणी येतात, लग्नांचे बस्ते निघतात, वर्षाची निम्मी विक्री त्याच सुमारास होते. तोपर्यंत दुकान भरलं नाही, तर गिऱ्हाईक साक्रीची वाट धरणार, आणि एकदा साक्रीला गेलेलं गिऱ्हाईक सासरी गेलेल्या मुलीसारखं. येतं, पण पाहुणं म्हणून.

विमा कंपनीने सर्व्हेअर नेमली ती जळगावची. मोहिनी चौधरी, चाळिशीची, भालोदच्या केळीवाल्यांची मुलगी, शिकून सीए झालेली. तिने आधी एक प्रश्नावली पाठवली. कुंदन तेव्हा भाच्याच्या मुंजीला नाशिकला होता, म्हणून शेठनी ती स्वतःच भरली. सातवा प्रश्न होता, व्यवसायात विक्रीवर साधारण किती टक्के नफा राहतो? शेठचा हात छत्तीस वर्षांच्या सवयीने चालला. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पाच टक्के. तोही नाममात्र.' आणि खाली झोकात सही केली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोहिनीबाई पिंपळनेरला आल्या. जळक्या दुकानात बसायला जागा नव्हती, म्हणून समोर छगनच्या हॉटेलातली दोन टेबलं जोडली. कुंदन धुळ्याहून लॅपटॉप आणि कागदांचा गठ्ठा घेऊन आला. हेमलताबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. आणि गाव आलं, कारण छगनचं हॉटेल गावाचंच होतं.

"हे कसं काढणार, ताई?" हेमलताबाईंनी विचारलं. "जळालेलं कुणाला दिसलंय?"

"सोपं आहे, काकू. एक एप्रिलला दुकानात किती माल होता ते ताळेबंदात आहे. चौतीस लाख. त्यानंतर आगीच्या दिवसापर्यंत खरेदी अठ्ठावन्न लाख. म्हणजे दुकानात आला एकूण ब्याण्णव लाखांचा. त्यातला विकला गेला तो वजा केला, की उरला तो त्या दिवशी दुकानात असणार."

"मग विक्री किती?"

"पंचाहत्तर लाख," कुंदन म्हणाला.

"म्हणजे सतरा लाखच उरले?" हेमलताबाईंचा हात तांब्यावर थबकला.

"नाही ना. पंचाहत्तर ही विक्रीची किंमत. त्यात शेठचा नफा आहे. तो काढला की त्या मालाची खरेदी किंमत कळते. म्हणून मला नफ्याचं प्रमाण लागतं. आधीच्या वर्षांचं."

कुंदनने कागद पुढे सरकवला. तीन वर्षांपूर्वी वीस टक्के, दोन वर्षांपूर्वी वीस टक्के, गेल्या वर्षी सोळा.

मोहिनीबाईंनी सोळाच्या आकड्यावर पेन ठेवलं. "हा का पडला?"

कुंदन याच प्रश्नाची वाट बघत होता. "कोरोनाच्या साली लग्नं राहिली, तेव्हाचा लॉट पडून होता, मॅडम. तसल्या बुट्ट्यांच्या साड्या आता कोणी नेसत नाही. गेल्या वर्षी शेठनी सेल लावून सगळा काढला. सात लाख चाळीस हजारांचा माल पाच लाखांत गेला. या सेलची बिलं वेगळी आहेत, ही बघा. तो लॉट बाजूला ठेवला तर नेहमीची विक्री ऐंशी लाख, तिच्यावर नफा सोळा लाख. वीसच टक्के. आणि त्या लॉटमधलं यंदा काही शिल्लक नव्हतं, यंदा सेलही नाही."

मोहिनीबाईंनी बिलं तपासली. बेरीज स्वतः केली, मग कुंदनच्या बेरजेशी ताडली, मग पुन्हा स्वतःची केली. "बरोबर आहे. असा माल बाजूला काढायलाच हवा. वीस धरायला हरकत नव्हती."

'नव्हती' हा शब्द ऐकून कुंदनने मान वर केली. मोहिनीबाईंनी पिशवीतून प्रश्नावली काढून टेबलावर ठेवली. सातवा प्रश्न. पाच टक्के. तोही नाममात्र.

कुंदनने ती वाचली. मग शेठकडे पाहिलं. भाच्याच्या मुंजीला गेल्याबद्दल एखाद्या मामाला होऊ शकतो तेवढा सगळा पश्चात्ताप त्या नजरेत होता.

"काका, हे काय केलंत?"

"मला वाटलं, साधेपणा दिसावा," शेठ हळूच म्हणाले.

"पुस्तकं म्हणतात वीस," मोहिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "मालक सहीनिशी म्हणतो पाच. आता कंपनी मला विचारणार, खोटं कोण? पुस्तकं की मालक? वीस टक्के धरले तर विकलेल्या मालाची किंमत साठ लाख, म्हणजे दुकानात बत्तीस लाखांचा माल होता. पाच धरले तर विकलेला माल सव्वाएकाहत्तर लाखांचा, आणि दुकानात उरले वीस लाख पंचाहत्तर हजार."

सव्वाअकरा लाखांचा फरक. शेठना छगनच्या चहात साखर लागेना. एवढ्या वर्षांत त्यांनी नफा लपवला तो गिऱ्हाइकापासून. तो असा उलटून त्यांनाच गिळेल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"तुम्ही सांगा ना, ताई, काय करू?"

"मी बाजारात विचारते. गावाला माहीत असतं दुकानदार काय घेतो ते."

आणि गाव तर तिथंच बसलं होतं. शेठवर संकट आहे एवढं गावाला समजलं होतं. संकट नेमकं कोणत्या बाजूने आलंय हे समजलं नव्हतं. भटूआबा टेबलाजवळ सरकले. भटूआबा सोसायटीचे माजी चेअरमन, त्यामुळे साक्ष देण्याची त्यांना आवड होती.

"मॅडम, लिहून घ्या. सुपडूशेठसारखा देवमाणूस तालुक्यात नाही. पाच टक्के? छे! पाच कशाला घेईल? फार तर दोन."

शेठनी मनात हिशोब केला. पंचाहत्तर लाखांच्या विक्रीवर एकेक टक्का पाऊण लाखाचा. पाचाचे दोन झाले. भटूआबांनी एका वाक्यात सव्वादोन लाख घालवले होते, आणि चहाही शेठच्याच नावावर मागवला होता.

"आबा, तुम्ही बसा जरा," शेठ म्हणाले.

"नाही, मला बोलू द्या. माझ्या पोराच्या लग्नाचा बस्ता होता. शेवटी शेठ म्हणाले, आबा, तुमच्याकडून एक रुपया नको. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या!"

"पाणी होतंच," मागून छगन म्हणाला. "माझ्या बस्त्याच्या वेळीही होतं. माझ्याकडून तर म्हणाले, पदरचे शंभर जातायत."

शून्याखालीही टक्के असतात हे शेठना त्या दिवशी कळलं. टेलर पुना उठला आणि म्हणाला की शेठ अस्तराच्या कापडावर काहीच घेत नाहीत. शाळेतल्या दीपमालाबाई रस्त्याने चालल्या होत्या, त्यांनी थांबून सांगितलं की शेठ गणवेशाला 'धर्मादाय' म्हणतात. गाव एकदिलाने शेठच्या मदतीला धावलं होतं. अर्ध्या तासात त्यांनी शेठना इतकं निःस्वार्थ करून ठेवलं, की विमा कंपनीनेच शेठकडे मागावं अशी वेळ आली.

मोहिनीबाई लिहीत होत्या. चेहऱ्यावरची रेषाही हलत नव्हती. फक्त छगनच्या साक्षीला त्यांनी पेन एकदा ओठांवर टेकवलं.

"शेठजी," त्या म्हणाल्या, "तुमचं नाव मोठं आहे. पण नाव जळत नसतं, त्याचा विमा पण नसतो. तुम्ही नवं निवेदन देऊ शकता. खरा आकडा. फक्त त्याला पुरावा लागेल. पुस्तकांशिवायचा."

सगळ्यांनी शेठकडे पाहिलं. शेठनी सगळ्यांकडे पाहिलं. छत्तीस वर्षं ज्यांच्यासमोर छातीवर हात ठेवला, ते सगळे तिथंच होते. यांच्यासमोर कसं म्हणायचं? सव्वाअकरा लाख एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला भटूआबांचा तो प्रेमळ चेहरा.

"काय हो," हेमलताबाई म्हणाल्या, "बोलणार आहात, की मी बोलू?"

"तू कशाला?"

"मग बोला. मला आखाजीला दुकान उघडं पाहिजे."

शेठनी घसा साफ केला. एवढ्यात हॉटेलच्या पायरीशी रिक्षा थांबली. तीतून नानीबाई उतरली, आणि तिच्यामागून तिचा नातू जगदीश दोन मोठी गाठोडी घेऊन उतरला. नानीबाई शेंदवडची. सत्तरी ओलांडलेली, हातभार चांदीच्या पाटल्या. डोंगर उतरून साडी घ्यायला ती आली की छगन जास्तीचं दूध मागवायचा, कारण तीन तासांच्या आत ती उठत नसे.

"शेठ, ह्या तुमना लुगडा," ती म्हणाली. "चोवीस शेतस. मोजी ल्या."

शेठ उभेच राहिले. आगीच्या आदल्या दिवशी नातीच्या लग्नासाठी म्हणून नानीबाई चोवीस साड्या पसंतीला घेऊन गेली होती. ही इथली जुनी पद्धत. भाव आधी ठरवायचा, साड्या घरी न्यायच्या, सगळ्या बायकांनी बघायच्या, आवडतील त्या ठेवायच्या, बाकी परत. रजिस्टर जळाल्यावर कोणाकडे काय आहे याचा मागमूस नव्हता. शेठ त्या साड्या पार विसरले होते.

"आजी, वही जळाली तर तुम्हाला कोण विचारणार होतं?" कुंदन म्हणाला.

"देव इचारी," नानीबाईने विषय संपवला. "लगीन पुढं गयं. मंग आते कसाले ठेवू?" तिने कमरेच्या पिशवीतून शेठच्या हातची चिठ्ठी काढली. एकेका साडीचा ठरलेला भाव, खाली बेरीज पन्नास हजार.

मोहिनीबाई आता उठून गाठोड्याशी गेल्या. एक साडी उलगडली. आतल्या काठाला सुतळीने बांधलेली छोटी चिठ्ठी होती. तिच्यावर तीन अक्षरं. गो दे ड.

"हे काय आहे?"

शेठनी चटकन चिठ्ठीवर हात ठेवला. पण गाव पुढे सरकलं. ती अक्षरं गाव पिढ्यान्‌पिढ्या बघत आलं होतं. भटूआबांच्या वडिलांनी ती उलगडायला एक शिक्षक लावला होता, असं म्हणतात. प्रत्येक जुन्या कापड दुकानाची अशी स्वतःची लिपी असते. नोकराला समोरच्या गिऱ्हाइकादेखत खरेदी भाव कळावा, गिऱ्हाइकाला कळू नये.

"खरेदी किंमत आहे," शेठ खालच्या आवाजात म्हणाले. "आमच्या वडिलांनी बांधलेली अक्षरं."

"वाचून दाखवा."

"सगळ्यांसमोर?"

"पुरावा तोच आहे, शेठजी. आगीच्या आधीचा, तुमच्या हातचा, आणि त्या वेळी तुम्हाला आग लागणार हे माहीत नव्हतं. यापेक्षा चांगला पुरावा मला कुठला मिळणार?"

शेठनी हेमलताबाईंकडे पाहिलं. हेमलताबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि मान हलवली. मग शेठनी छातीवर हात ठेवला. या वेळी सवयीने नव्हे, खरंच धडधडत होतं.

"पांझरामाय दे सुख गोड," ते म्हणाले. "आपल्या नदीला घातलेलं साकडं, दहा अक्षरं. पां एक, झ दोन, रा तीन, मा चार, य पाच, दे सहा, सु सात, ख आठ, गो नऊ, ड शून्य."

छगनने भज्यांची कढई तशीच सोडली. मग सगळे एकदम मोजू लागले. पुना टेलर बोटांवर, भटूआबा ओठांवर. "गो दे ड... नऊ, सहा, शून्य," छगन ओरडला. "नऊशे साठ!"

मोहिनीबाईंनी नानीबाईच्या चिठ्ठीतला पहिला आकडा वाचला. "ठरलेला भाव बाराशे."

दुसरी साडी. पां दे ड ड. सोळाशे. चिठ्ठीत दोन हजार. तिसरी, झ मा ख ड. चोवीसशे ऐंशी. चिठ्ठीत एकतीसशे. चौथीपासून गावच वाचायला लागलं, बाराखडी शिकवल्यासारखं एका सुरात, आणि मोहिनीबाई फक्त टिकमार्क करत गेल्या. चोवीस साड्या संपल्या तेव्हा खरेदी चाळीस हजार झाली, ठरलेला भाव पन्नास हजार.

"चाळिसावर दहा," कुंदन म्हणाला. "म्हणजे शंभराच्या खरेदीवर पंचवीस."

"पंचवीस!" भटूआबा मट्‌कन बसले.

"खरेदीवर पंचवीस," मोहिनीबाई म्हणाल्या. "मला विक्रीवर हवं. पन्नासावर दहा. वीस टक्के. पुस्तकांत आहे तेच. सुरतेच्या व्यापाऱ्याची बिलं कुंदनभाऊंकडे आहेतच, त्यांच्याशी ही अक्षरं जुळवते. शेठजी, नवीन निवेदन लिहा."

शेठना ऐकू आलं नाही. ते गावाकडे बघत होते. आता कोणीतरी काहीतरी म्हणेल. पदरचे शंभर, डोळ्यातलं पाणी, धर्मादाय. छत्तीस वर्षांचं सगळं आता बाहेर येईल.

पहिली बोलली ती नानीबाई. ती शेठकडे डोळे बारीक करून बघत होती.

"पंचवीसच?"

"हो, नानी," शेठ म्हणाले. "चुकलं माझं."

"माले तं वाटे, चाळीस लेतस!" ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की जणू तीन तास घासाघीस करणाऱ्या बाईच्या बाजूने शेवटी न्यायालयाने निकाल दिला. "चाळीसना पंचवीस करात मी! माले कोनी फसाडू शकस नही!"

छगन हसायला लागला. मग पुना. मग भटूआबा म्हणाले, "अरे, मीही तीसच धरले होते. दोन टक्के आपले बोलायला. देवमाणूस म्हटलं की रीतच आहे ना." आणि एकदम सगळ्यांना बोलायचं होतं. कोणी पस्तीस धरले होते, कोणी 'पन्नास तरी असणार' असं बायकोला सांगितलं होतं. गावात एकही माणूस असा निघाला नाही, ज्याचा शेठच्या तोट्यावर विश्वास होता. छत्तीस वर्षं शेठ खोटं बोलत होते आणि गाव खोटं खोटं मानत होतं, आणि धंदा उत्तम चालला होता. शेठ हसले की रडले हे नीट सांगता येत नाही, पण पाणी त्या दिवशी खरं होतं.

"एवढे साक्षीदार मी कधीच बघितले नव्हते," मोहिनीबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसल्या. "सगळे खोटे, आणि सगळे बाजूने."

बत्तीस लाखांतून नानीबाईकडच्या साड्यांचे चाळीस हजार वजा झाले, कारण त्या जळाल्या नव्हत्या. "ते कापणारच का, मॅडम?" कुंदनने विचारून बघितलं. "समोर ठेवल्यात, कुंदनभाऊ," मोहिनीबाई म्हणाल्या. शेठच म्हणाले, "कापा, कापा, त्यांनी तर मला वाचवलं." ढिगातून धुऊन विकता येण्याजोगा निघालेला माल एक लाख साठ हजारांचा, तोही वजा. उरले बरोबर तीस लाख. दुकानात होता बत्तीस लाखांचा माल आणि विमा पस्तीसचा, म्हणजे कमी विम्याबद्दल काही छाटायचं नव्हतं. पॉलिसीत ठरलेली कपात जाऊन बाकीचे मंजूर व्हावेत, असा अहवाल मोहिनीबाईंनी पंधरा दिवसांत दिला. शेठनी नव्या निवेदनात सातव्या प्रश्नासमोर लिहिलं, 'विक्रीवर वीस टक्के.' पुढे 'फक्त' लिहायला हात शिवशिवला. हेमलताबाई मागे उभ्या होत्या. लिहिलं नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पैसे आले, आणि आखाजीच्या चार दिवस आधी दुकान उघडलं. नव्या रंगाचा वास, सुरतेचा नवा माल, पेढे. गर्दी उसळली. आणि तासाभरात शेठच्या लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय.

दुकान शांत होतं. गिऱ्हाईक साडी उचलायचं, चिठ्ठी वाचायचं, मनातल्या मनात सव्वापट करायचं आणि पैसे काढायचं. दोन मिनिटांत खलास. कोणी 'लूट आहे' म्हणेना. कोणी उठून दारापर्यंत जाऊन परत येईना. शेठनी सवयीने छातीवर हात नेला, तर समोरची बाई म्हणाली, "राहू द्या शेठ, बाराशे पन्नास ना?" विक्री छान होत होती. शेठना मात्र कोणाच्या तरी बाराव्याला आल्यासारखं वाटत होतं.

बारा वाजता नानीबाई आली. नातीचं लग्न पुन्हा ठरलं होतं. ती गादीवर बसली, एक शालू मांडीवर घेतला, चिठ्ठीकडे बघितलं, मग चिठ्ठी तोडून शेठच्या हातात दिली.

"हे काय, नानी?"

"हे वाचीसन काय मजा शे?" ती वैतागून म्हणाली. "भाव सांगा. मोठा सांगा. मंग मी बोलसू."

शेठनी तिच्याकडे पाहिलं. दुकान वळून ऐकायला लागलं. छगन रस्ता ओलांडून पायरीवर आला. शेठनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, डोळे मिटले आणि एक दीर्घ श्वास घेतला.

"नऊ हजार," ते म्हणाले. "आणि देवाशपथ सांगतो, पदरचे पाचशे जातायत."

"चोर!" नानीबाई आनंदाने ओरडली, आणि मांडी घालून नीट बसली.